प्रकल्प नोंदी : खाडीकाठच्या पोस्टातला राउटर

१० जून

सकाळी खाडीकाठच्या उपडाकघरातून पोस्टमास्तरबाईंचा फोन. परवा रात्रीच्या विजांनंतर दोन नंबरच्या काउंटरचा कॉम्प्युटर सुरूच होत नाही, आणि मागून जळका वास येतोय. पॉवर सप्लाय गेला असणार. या पोस्टाचं अर्थिंग जांभ्या दगडात खणलेल्या खड्ड्यात आहे. जांभ्यात पाणी ठरत नाही, त्यामुळे उन्हाळाभर तो खड्डा ठणठणीत कोरडा राहतो, आणि पावसाच्या पहिल्या विजा नेमक्या अशा वेळी येतात. दरवर्षी इथलं काही ना काही जळतं.

विभागात एक नवा कॉम्प्युटर शिल्लक आहे. तो उद्या घेऊन जायचं ठरलं.

खात्याची मुख्य लाइनही झाड पडून तुटली आहे, म्हणजे सगळा कारभार सध्या दुसऱ्या लाइनवर. ही दुसरी लाइन म्हणजे साधं फायबर ब्रॉडबँड. त्याचा राउटर काही वर्षांपूर्वी किरकोळ खर्चातून बाजारातून आणलेला. मुख्य लाइनची उपकरणं वरून सांभाळली जातात, हा राउटर मात्र पूर्णपणे पोस्टाच्याच हातात.

११ जून

नवा कॉम्प्युटर मांडला. केबल तीच, राउटरचं पोर्टही तेच. इंटरनेट नाही. एक नंबरचा काउंटर मात्र व्यवस्थित चालू.

अशा वेळी लोक आधी केबल बदलतात, आणि समुद्राकाठी ते योग्यही आहे. खाऱ्या हवेनं केबलच्या टोकाच्या पिना हिरव्या पडतात. मीही टोक कापून नवं लावलं. फरक पडला नाही. मग हे केलं:

```
ipconfig /all
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिल्या आज्ञेत कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेला दिसला. दुसरीत राउटरनं लगेच उत्तर दिलं, म्हणजे केबल, पोर्ट, कार्ड सगळं धड. तिसरीत काहीच परत आलं नाही. नाव शोधण्याचा म्हणजे डीएनएसचा घोळ असता तर आकड्यांच्या पत्त्यावर तरी पिंग गेलं असतं. तेही जात नाही आणि शेजारचं मशिन मात्र त्याच राउटरमधून बाहेर जातंय, याचा अर्थ राउटर या मशिनला ओळखून अडवतोय. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातून एक मॅक पत्ता मिळालेला असतो. ठरावीक मॅक पत्त्यांनाच बाहेर सोडायचं, अशी यादी राउटरमध्ये करता येते. तशी यादी इथं कुणीतरी केलेली आहे.

"ता नानांनी केलेला," पोस्टमन म्हणाला.

नाना म्हणजे इथले क्लार्क. ३० जूनला निवृत्त होतायत. सध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर. राउटरचा पासवर्ड फक्त त्यांना माहीत आहे, हे पोस्टमास्तरबाईंनी मला इतक्या सहज सांगितलं की आधी माझ्या नीट लक्षातच आलं नाही. त्या इथं येऊन वर्षही झालेलं नाही. राउटरला हात लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

१२ जून

नानांना फोन केला. आवाज ठणठणीत. डोळ्याला पट्टी आहे, वाकायचं नाही, डोळ्यावर ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.

यादी का केली, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. पूर्वी पोस्टाचं वायफाय उघडं होतं. संध्याकाळी पोरं पडवीत बसून पिक्चर बघायची आणि आत दिवसाचा हिशेब बंद करताना स्क्रीन गोल फिरत राही. "दिवस क्लोज होयना, माझी शेवटची एसटी चुकायची," म्हणाले. मग त्यांनी वायफायचा पासवर्ड बदलला, पोरांनी तोही मिळवला. तेव्हा त्यांनी राउटरचं माहितीपत्रक वाचून मॅकची यादी केली आणि राउटरचा मूळ, डब्यावर छापलेला पासवर्ड बदलून टाकला. दोन्ही गोष्टी बरोबर केल्या. अनेक पोस्टांत राउटर अजून छापील पासवर्डवरच चालतात.

"पासवर्ड काय आहे नाना?"

"खाडीपलीकडे. सगळा एकत्र, मधी जागा सोडूची नाय."

मी लिहून घेतला. कुठंतरी लिहून ठेवला होता का, असंही विचारलं. त्यावर ते जरा दुखावले. "लिवून ठेवूचा नाय असा तुम्हीच परिपत्रक काढलास मां? मी खय लिवतलंय?" ते परिपत्रक खरंच आहे.

दुपारी पोस्टात बसून रोमन अक्षरांत घालून पाहिलं. khadi, khaadi, palikade, palikde, पहिलं अक्षर मोठं, सगळी लहान. एकही चाललं नाही. हा राउटर काही चुकीच्या प्रयत्नांनंतर थोडा वेळ लॉगिनचं पान बंद करतो, त्यामुळे मधे मधे थांबावं लागत होतं. मग विंडोजचा कीबोर्ड मराठीवर नेऊन देवनागरीत "खाडीपलीकडे" टाइप केलं. तेही नाकारलं. हे अपेक्षितच होतं, कारण अशा राउटरांच्या पासवर्डच्या चौकटीत रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हंच चालतात.

नानांना पुन्हा फोन केला. "ताच आसा गो बाय. मी रोज घालतंय."

१३ जून

विभागात वरिष्ठांना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, नाना मुद्दाम चुकीचा पासवर्ड सांगतायत. जाता जाता अडवून धरायचं आणि मग आपल्याशिवाय कसं चालत नाही हे दाखवायचं. तसं लेखी कळवा, म्हणाले.

मी लिहिणार नाही असं सांगितलं. निवृत्तीच्या तोंडावर असा एक कागद फाइलला लागला तर माणसाची पेन्शनची प्रकरणं कशी रेंगाळतात ते मला ठाऊक आहे. आणि फोनवर ज्या माणसानं यादी कशी केली हे पायरीपायरीनं, न विचारता सांगितलं, तो एकच गोष्ट लपवेल हे मला पटत नाही. जे माहीत आहे तेच लिहिलं: "सांगितलेला पासवर्ड स्वीकारला जात नाही, कारण शोधणे सुरू."

तोवर काउंटर बंद ठेवून भागणार नव्हतं. १५ तारीख तोंडावर आली आहे. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेल्या आरडी खात्यांचा हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि एजंट बायका शेवटच्या दोन दिवसांत याद्या घेऊन येतात. म्हणून तात्पुरता उपाय केला. जळलेल्या कॉम्प्युटरच्या मागच्या स्टिकरवर त्याचा मॅक पत्ता छापलेला होता. नव्या मशिनच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या Advanced टॅबखाली Network Address अशी नोंद असते. तिथं तो जुना पत्ता, मधली विरामचिन्हं काढून, घातला. राउटरला वाटतंय जुनंच मशिन परत आलं. काउंटर सुरू झाला.

हा इलाज मेलेल्या मशिनच्या नावावर आहे. जुनं मशिन दुरुस्त होऊन परत जोडलं तर एकाच पत्त्याची दोन मशिनं होतील आणि दोन्ही अडखळतील. तिसरं कुठलंही यंत्र आणलं तर त्याला काहीच मार्ग नाही. वरिष्ठांना हा उपाय लेखी कळवला आणि जळलेल्या कॉम्प्युटरवर "जोडू नये" अशी चिठ्ठी चिकटवली.

१६ जून

सगळे एकच सांगतायत: राउटर रिसेट करा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-एक सेकंद दाबून धरली की दिवे लुकलुकतात आणि राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. छापील पासवर्डनं आत जाता येतं. खरं आहे. पण इथं त्यातून काय काय पुसलं जाईल ते आधी पाहिलं.

भिंतीवर फायबर येतं ते कंपनीच्या ओएनटी डब्यात. तो डबा ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे फायबरमधलं आलेलं पुढे ढकलण्यापलीकडे तो काही करत नाही. कंपनीकडे आपली ओळख पटवणारं पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या पोटात आहे. राउटर कोरा झाला की ते दोन्ही जाणार. कंपनीकडून नवा पासवर्ड घ्यायचा तर ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल आधीच्या पोस्टमास्तरांचा आहे. ते बदली होऊन गेले. नंबर बदलण्याचा अर्ज आजच दिला, पण त्याला वेळ लागेल. तोवर मुख्य लाइन तुटलेली, दुसरी लाइन कोरी, आणि पोस्ट पूर्ण बंद.

म्हणून ठरवलं: पीपीपीओईचा पासवर्ड हातात येईपर्यंत टाचणी लावायची नाही. अशाच घाईत रिसेट केलेला राउटर आणि चार दिवस ठप्प पोस्ट मी दुसरीकडे पाहिलंय. राउटर उघडला, पण त्यात भरायला काही नव्हतं.

१९ जून

आज उकललं. सविस्तर लिहिते.

नाना सकाळच्या गाडीनं आले. काळा गॉगल, हातात छत्री, सोबत मुलगा. मी बोलावलं नव्हतं. पासवर्ड चालत नाही म्हटल्यावर त्यांना झोप लागली नाही, असं मुलगा म्हणाला. पोस्टमास्तरबाईंनी त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं. मी राउटरचं पान उघडून दिलं आणि अक्षरं दिसतायत का विचारलं.

"दिसाक कित्याक होया?" म्हणाले, आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून टाइप केलं. चौकटीत दहा ठिपके उमटले. एंटर. पान उघडलं.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. मला मात्र उत्तर मिळालेलं नव्हतं. नानांना शेजारी ठेवून राउटर चालवायचा तर ३० तारखेनंतर पुन्हा तेच. मी लॉगआउट केलं आणि म्हटलं, "नाना, परत एकदा करा, सावकाश."

या वेळी मी फक्त हात पाहिले. डाव्या हातानं शिफ्ट दाबलं आणि उजव्या हाताचं मधलं बोट एकदा खाली गेलं. पुढे उजवी करंगळी वर सरकून पी च्या उजवीकडची कळ दाबून आली. थोड्या वेळानं तीच करंगळी पुन्हा तिथंच गेली. त्या कळेवर चौकोनी कंस असतो. "khadipalikade" कसंही लिहिलं तरी चौकोनी कंसाचं तिथं काय काम?

पण मी स्वतः मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटवर शिकलेली आहे. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळेवर ड असतो. आणि "खाडीपलीकडे"मध्ये ड दोनदा येतो.

नानांना विचारलं, मराठी टायपिंग कुठं शिकलात? पोस्टात कॉम्प्युटर आले तेव्हा राजभाषेचे अहवाल टाइप करायला खात्यानंच शिकवलं होतं, म्हणाले. इनस्क्रिप्ट. पुढे वर्षानुवर्षं तेच टायपिंग. ते मराठीच टाइप करत होते, बोटं मराठीच्या जागांवर जात होती, पण लॉगिनच्या पानावर कीबोर्ड इंग्रजीत असतो. ख च्या कळेतून के निघत होता, काना देणाऱ्या कळेतून ई. चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे पडद्यावर काय उमटतंय हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पासवर्ड ठरवतानाही दोन्ही वेळा त्याच बोटांनी घातला, दोन्ही जुळले, राउटरनं मान्य केलं. इनस्क्रिप्टमध्ये ख म्हणजे शिफ्टसह के, काना ई, ड चौकोनी कंस, दीर्घ वेलांटी आर, प एच, ल एन, मग पुन्हा वेलांटी, क साधा के, पुन्हा ड, आणि मात्रा एस. ओळीनं लावलं तर:

```
Ke[rhnrk[s
```

मी हे नोटपॅडमध्ये टाइप करून चौकटीत चिकटवलं. पान उघडलं. (आज संध्याकाळी पासवर्ड बदललाय, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.)

नाना बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मुलानं फोनवर मोठं करून दाखवलं. "ह्या मी लिवलंय?" म्हणाले. मग म्हणाले, "बोटांका ठावूक होता. माका नाय."

त्यांनी सांगितलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. वरिष्ठांना लगेच फोन केला आणि हेच शब्दशः सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, नानांना माझा नमस्कार सांग. सांगितला.

इतर पोस्टांतल्या सिस्टिमच्या लोकांसाठी नोंदवून ठेवते: सांगितलेला पासवर्ड मराठी शब्द असेल, सांगणारा माणूस मराठी टायपिंग शिकलेला असेल, आणि रोमन अक्षरांत तो चालत नसेल, तर त्या माणसाला पासवर्डच्या चौकटीत नको, कोऱ्या नोटपॅडमध्ये टाइप करायला सांगा. काय ते समोर दिसेल. माणूस हजर नसेल तर त्याचा टायपिंगचा लेआउट विचारा. इनस्क्रिप्ट आणि जुन्या टाइपरायटरचा लेआउट यांच्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे एकच शब्द दोन वेगळे पासवर्ड होतो. कॅप्स लॉक चालू असेल तर मोठी-लहान अक्षरं उलटतात, तेही पाहा.

२० जून

कालच नवा कॉम्प्युटर यादीत घालून उसना पत्ता काढून टाकला असता, पण यादी उघडल्यावर थांबले. त्यात पोस्टाच्या यंत्रांपेक्षा जास्त नोंदी होत्या. काहींना नावं दिलेली: काउंटर एक, काउंटर दोन, प्रिंटर. एका नोंदीचं नाव नुसतं "बाय". इंटरनेटवर सोडायची यादी ही. अनोळखी नोंद दिसली की काढून टाकायची, असा नियम आहे.

नानांना घरी फोन केला.

ती नोंद खाडीपलीकडच्या शाखा डाकघरातल्या पोस्टमास्तरीणबाईंच्या मोबाइलची. तिथले व्यवहार, मनिऑर्डरी, बचत खात्याचे भरणे, सगळं मोबाइलवर होतं. पण गाव डोंगराच्या कुशीत आहे, आणि पावसाळ्यात मोबाइलचा मनोरा वीज गेली की बंद पडतो. मग बाई होडीनं अलीकडे येतात, उपडाकघराच्या वायफायला जोडून दिवसभराचे व्यवहार वर पाठवतात आणि परतीच्या होडीनं जातात. होडी चुकली तर रस्त्यानं खाडीला मोठा वळसा आहे. मी रिसेट केलं असतं तर पहिल्याच मुसळधार दिवशी त्या इथं येऊन उभ्या राहिल्या असत्या, वायफाय जोडलं गेलं नसतं, आणि का ते पोस्टात कुणालाच सांगता आलं नसतं.

या नोंदीत आणखी एक बारीक गोष्ट होती. अँड्रॉइड १० पासूनचे फोन प्रत्येक वायफायला खरा मॅक पत्ता न देता एक बनावट, स्वतः तयार केलेला देतात. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून ही सोय आहे. पण मॅकच्या यादीशी तिचं जमत नाही. फोन रिसेट केला की पत्ता बदलू शकतो आणि राउटर त्याच फोनला परका समजतो. बनावट पत्ता ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो फोननं स्वतः बनवलेला. `3A` बनावट, `3C` कारखान्यातला. "बाय"ची नोंद कारखान्यातल्या पत्त्याची होती. म्हणजे नानांनी त्यांच्या फोनमध्ये या वायफायसाठी डिव्हाइस मॅक वापरण्याची निवड आधीच केली होती. विचारलं तर म्हणाले, "दोनदा यादीत घातलंय, दोनदा गेला. मगे फोनातच सोधून काढलंय."

मी सिस्टिमचं काम करते आणि हे मला परीक्षेच्या पुस्तकातून माहीत होतं. नानांनी ते एका बाईची होडी चुकू नये म्हणून शोधून काढलं होतं.

नवा कॉम्प्युटर यादीत घातला. उसना पत्ता काढला. दोन नंबरचा काउंटर आता स्वतःच्या नावानं चालतो.

२४ जून

आज दिवसभर कागदाचं काम, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल काढली. ती विभागात राहील. पण ही फाइल बहुधा त्याच मॉडेलच्या राउटरमध्येच परत चढते. राउटर विजेनं जळला आणि दुसऱ्या बनावटीचा आला तर ती निरुपयोगी. म्हणून सगळं हातानं लिहिलंही: पीपीपीओईचं युजरनेम, प्रिंटरला दिलेला कायमचा पत्ता, मॅकची यादी. यादीत प्रत्येक पत्त्यापुढे दोन रकाने केले, यंत्र कोणतं आणि त्याला का सोडलंय. दुसरा रकाना नानांकडून फोनवर भरून घेतला. त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला.

पीपीपीओईचा पासवर्ड अजून कंपनीकडून यायचा आहे. अर्ज मार्गी लागलाय.

नव्या पासवर्डचं काय करायचं यावर पोस्टमास्तरबाईंशी बोलले. लिहून ठेवू नये हा नियम टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठीसाठी आहे. तिजोरीच्या बाबतीत पोस्टाकडे फार जुनी आणि चांगली पद्धत आहे: दुसरी चावी सीलबंद करून कार्यालयाबाहेर जमा करायची आणि तिची नोंद ठेवायची. तेच केलं. पासवर्ड आणि सेटिंगचा कागद लिफाफ्यात घालून, लाखेचं सील लावून, एक प्रत पोस्टाच्या तिजोरीत, दुसरी विभागात. उघडला तर तारीख, कारण, सही आणि नवा पासवर्ड, नवा लिफाफा. चार्ज रिपोर्टमध्ये तिजोरी, शिक्के, स्टॅम्प यांच्याबरोबर "राउटर लिफाफा, सील शाबूत" अशी ओळ घातली. वरिष्ठांनी मान्य केली.

नवा पासवर्ड नोटपॅडमध्ये टाइप करून, डोळ्यांनी वाचून, मगच चौकटीत घातला.

३० जून

नानांचा शेवटचा दिवस. पट्टी निघाली आहे, गॉगल आहे. चार्ज देताना त्यांनी ती राउटरची ओळ स्वतः मोठ्यानं वाचली आणि सील तपासून सही केली. नवा क्लार्क सावंतवाडीकडचा, चटपटीत मुलगा. नानांनी त्याला खुर्चीत बसवून यादी दाखवली, कोणता पत्ता कुणाचा ते सांगितलं. "बाय"शी आल्यावर पावसाळ्यात त्यांची होडी किती वाजता सुटते तेही सांगितलं. तो मुलगा लिहून घेत होता.

समारंभाला शाखा डाकघरातल्या बाई आल्या होत्या. त्यांनी नानांना घरच्या कोकमांचं आगळ दिलं. नाना भाषण करायला उठले आणि त्यांना बोलता आलं नाही.

४ जुलै

१ तारखेला ज्येष्ठ नागरिक योजनेचं तिमाही व्याज जमा होतं, त्यामुळे त्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस पोस्टात उभं राहायला जागा नव्हती. दोन्ही काउंटर चालले. मुख्य लाइन २ तारखेला परत आली, दुपारी पुन्हा गेली.

कंपनीकडून पीपीपीओईचा पासवर्ड मिळाला. दोन्ही लिफाफे सर्वांसमक्ष उघडून कागदात भरला, नियमाप्रमाणे राउटरचा पासवर्ड बदलला, पुन्हा सील केलं. आता गरज पडली तर टाचणी लावायला हरकत नाही, आणि राउटर जळाला तर दुसरा तासाभरात उभा राहील.

काल शाखेतल्या बाईंना खात्याकडून नवा मोबाइल मिळाला. नव्या क्लार्कनं मला फोन न करता तो यादीत घातला, आधी फोनमध्ये डिव्हाइस मॅक निवडून, आणि जुन्या मोबाइलची नोंद काढून टाकली. आज कागदाच्या प्रतीत बदल करून सही घ्यायला त्यानं मला यादी पाठवली तेव्हा कळलं. पत्ता तपासला. दुसरं अक्षर 4. बरोबर आहे.

बाकी कामं: अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ नव्यानं भरणे, मार्चपासून पाऊस लागेपर्यंत त्यात आठवड्याला पाणी घालण्याची जबाबदारी ठरवणे. राउटर आणि ओएनटीसाठी सर्ज प्रोटेक्टरची मागणी आज पाठवली. जळलेल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बदलून तो सुरू झाला तर त्याची नोंद यादीत अजून आहे, चिठ्ठी काढून जोडता येईल.